दीडशे मिनिटं म्हणजे आपले किती किलोमीटर?

आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका चिठ्ठीपासून करतो. आमच्या सकाळी चालणाऱ्या गटात एक काकू आहेत, वय ६३. त्यांच्या जावयांनी त्यांना एक चिठ्ठी लिहून दिली होती. चिठ्ठीवर एवढंच होतं : "मैदानाला रोज ७ फेऱ्या, आठवड्यातून ५ दिवस." काकूंना घरून निघायला जेमतेम अर्धा तास मिळायचा, कारण त्यानंतर नातीची शाळेची बस. त्या अर्ध्या तासात भरभर चालून त्यांच्या ६ फेऱ्या व्हायच्या. सातवी काही केल्या होईना. तीन आठवडे त्यांनी प्रयत्न केला आणि चौथ्या आठवड्यात त्या मैदानावर यायच्याच बंद झाल्या. आमच्यातलं कुणी तरी घरी विचारायला गेलं, तर म्हणाल्या, "अहो, रोज नापास व्हायला कशाला यायचं?"

आता यात गंमत अशी, की काकू एकही दिवस नापास झालेल्या नव्हत्या. त्यांचा खरा अभ्यासक्रम त्या रोज पूर्ण करत होत्या. चूक होती ती चिठ्ठीतल्या एका गुणाकारात. तो गुणाकार जावयांच्या वेगाने केलेला होता, आणि चालायचं होतं सासूबाईंना. हा गुणाकार स्वतःचा स्वतः कसा करायचा, आणि तो कुठे कुठे फसतो, एवढंच आज आपण बघणार आहोत.

मूळ लक्ष्य मिनिटांचं आहे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितलेली आहे. ६५ वर्षांपुढच्या माणसांसाठीही हाच आकडा आहे. भरभर चालणं हे या मध्यम श्रमाचं सगळ्यात सोपं उदाहरण. आपण आज खालचा आकडा, म्हणजे १५० मिनिटं, धरून चालू.

या सूचनेत किलोमीटर कुठेही नाहीत, हे नीट लक्षात घ्या. आणि ते मुद्दाम नाहीत. कारण इथे महत्त्व आहे ते शरीराने मध्यम श्रम किती वेळ केले याला. पंचविशीतला मुलगा आणि त्याची आजी दोघंही अर्धा तास सारख्याच दमाने चालले, तर दोघांचाही अर्धा तासच जमा होतो. मुलगा तेवढ्यात तीन किलोमीटर जाईल, आजी दोन. म्हणून त्याचा हिशोब जास्त आणि तिचा कमी, असं होत नाही.

मग किलोमीटर हवेतच कशाला? तर सोयीसाठी. घड्याळाकडे बघत चालणं कंटाळवाणं असतं. "देवळापर्यंत जाऊन परत" किंवा "मैदानाला सहा फेऱ्या" हे डोक्यात ठेवायला सोपं जातं. रस्ता ठरवता येतो, घरी किती वाजता पोहोचू ते सांगता येतं. तेव्हा अंतर ही मिनिटांची आपल्यापुरती केलेली भाषांतरित प्रत आहे. मूळ प्रत मिनिटांचीच. दोघांत भांडण झालं तर मूळ प्रत खरी मानायची.

'भरभर' म्हणजे नक्की किती?

गुणाकार करण्याआधी हे ठरवावं लागतं, नाही तर फेरफटक्याचीही मिनिटं मोजली जातात. अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये भरभर चालण्याची खालची मर्यादा ताशी अडीच मैल दिली आहे, म्हणजे ताशी ४ किलोमीटर. पण ही सर्वसाधारण मर्यादा झाली. आपल्या अंगाला ती लागू पडते का, हे बघायची सोपी कसोटी म्हणजे बोलण्याची कसोटी. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणायला सांगितलं तर दम पुरता कामा नये. गाणं निवांत म्हणता येत असेल तर आपण फिरायला आलोय, चालायला नाही. (हशा) आणि वाक्य तोडून तोडून बोलावं लागत असेल, तर श्रम मध्यमच्या वर गेले.

दुसरी खूण पावलांची. प्रौढांमध्ये मिनिटाला साधारण १०० पावलांच्या आसपास मध्यम श्रम सुरू होतात असं आढळलं आहे. १५ सेकंदांत २५ पावलं पडतात का, एवढं मोजलं की अंदाज येतो. काकूंची १५ सेकंदांत २९-३० पावलं पडत होती आणि त्या वाक्यं पूर्ण बोलत होत्या. म्हणजे त्यांचं चालणं 'भरभर' या सदरात व्यवस्थित बसत होतं.

आपला वेग मोजायचा कसा

यासाठी दोनच गोष्टी लागतात. एक, नक्की माहीत असलेलं सपाट अंतर. दोन, स्टॉपवॉच, जे प्रत्येकाच्या फोनमध्ये असतं.

धावपट्टी असलेलं ४०० मीटरचं मैदान जवळ असेल तर उत्तम. पण शाळेचं मैदान दिसलं की ते ४०० मीटरचंच आहे असं धरून चालू नका, पुष्कळ मैदानं लहान असतात. मैदान नसेल तर वाहनं नसलेला एखादा सरळ रस्ता घ्या आणि ३० मीटरची टेप घेऊन दोघांनी मिळून ३०० मीटर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. दहा वेळा टेप टाकावी लागते, एकदाच. तो रस्ता मग आयुष्यभर कामाला येतो.

पहिली ५ मिनिटं आरामात चालून अंग मोकळं करायचं. ही मिनिटं मोजायची नाहीत. मग रोजच्या दमाने १,२०० मीटर चालायचं, म्हणजे मैदानाच्या ३ फेऱ्या. प्रत्येक फेरीची वेळ वेगळी लिहायची. एकच एकूण वेळ घेऊ नका, कारण चूक सापडते ती फेऱ्यांच्या वेळांमधूनच.

काकूंचंच बघा. त्यांना समजावून आम्ही परत मैदानावर आणलं आणि वेळ लावली. पहिली फेरी ४ मिनिटं १० सेकंद, दुसरी ४ मिनिटं ३५, तिसरी ५ मिनिटं ५. प्रत्येक फेरीला पंचवीस-तीस सेकंद वाढतायत. याचा अर्थ उघड आहे : घड्याळ लावलेलं बघून काकू शर्यतीला उतरल्या होत्या. परीक्षा म्हटली की सगळ्यांचंच असं होतं. हा वेग त्यांना अर्धा तास टिकवता आला नसता, म्हणून तो त्यांचा वेग नव्हे. हेच आकडे धरून गुणाकार केला असता, तर आठवड्याचं अंतर सुमारे १३ किलोमीटर आलं असतं, खऱ्यापेक्षा एक किलोमीटरहून जास्त. काकूंच्या रोजच्या चालीने ही सुमारे १४ मिनिटांची जास्तीची वेठ.

दोन दिवसांनी परत मोजलं. या वेळी मुद्दाम त्यांच्या मैत्रिणीला बरोबर चालायला लावलं आणि बोलत चाला म्हणून सांगितलं. फेऱ्या आल्या ५ मिनिटं २ सेकंद, ५ मिनिटं, ५ मिनिटं ४ सेकंद. फरक दोन-चार सेकंदांचा. अशा सारख्या फेऱ्या आल्या की समजायचं, हा माणसाचा टिकणारा वेग आहे.

गुणाकार, आणि आजोबांची अडीचकी

तीन फेऱ्यांची बेरीज झाली १५ मिनिटं ६ सेकंद. इथे एक खाचखळगा आहे. कॅल्क्युलेटरवर आपण सहज १५.०६ दाबतो. पण मिनिटात सेकंद ६० असतात, १०० नाहीत. ६ सेकंद म्हणजे मिनिटाचा दहावा भाग, म्हणून लिहायचं १५.१. इथे फरक किरकोळ दिसतो, पण १२ मिनिटं ४५ सेकंद हे १२.४५ असं लिहिलं, खरं तर ते १२.७५ असायला हवं, तर आठवड्याच्या हिशोबात सुमारे साडेतीनशे मीटर चुकतात. म्हणून सेकंदांना आधी ६० ने भागायचं, मग मिनिटांत मिळवायचं.

आता काकूंचा वेग :

१,२०० मीटर ÷ १५.१ मिनिटं = मिनिटाला सुमारे ७९.५ मीटर

आणि आठवड्याचं अंतर :

७९.५ × १५० = सुमारे ११,९०० मीटर, म्हणजे ११.९ किलोमीटर

मिनिटाला किती मीटर, हे एकक आम्हाला स्वतःला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण लक्ष्य मिनिटांत आहे आणि मैदान मीटरमध्ये. पण तुमचं यंत्र किंवा फोन ताशी किलोमीटर सांगत असेल, तरी घाबरू नका. १५० मिनिटं म्हणजे अडीच तास. मग ताशी वेगाला अडीचने गुणलं की आठवड्याचे किलोमीटर आले. आपल्यातल्या ज्येष्ठांनी लहानपणी पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेली असेल, त्यातलीच ही अडीचकी. चार अडीच दहा, पाच अडीच साडेबारा, सहा अडीच पंधरा. ताशी ४ ने चालणाऱ्याचे आठवड्याला १० किलोमीटर, ५ ने चालणाऱ्याचे साडेबारा, ६ ने चालणाऱ्याचे १५. काकूंचा वेग ताशी ४.७७ येतो. त्याची अडीचपट केली की तेच ११.९.

आता पाच दिवसांत वाटून टाकू. रोजची ३० मिनिटं, म्हणजे ३० गुणिले ७९.५, सुमारे २,३८५ मीटर. ४०० मीटरच्या फेरीने भागा. जवळजवळ बरोबर ६ फेऱ्या! त्या रोज करत होत्या त्याच.

आणि सातवी फेरी आली कुठून? जावयांनी स्वतःचा वेग मोजला होता. त्यांना त्याच १,२०० मीटरला १२ मिनिटं ४५ सेकंद लागत होते, म्हणजे मिनिटाला ९४ मीटर. त्यांच्यासाठी १५० मिनिटांचे होतात १४.१ किलोमीटर, रोजच्या ७ फेऱ्या. त्यांचा हिशोब त्यांच्यापुरता अगदी बरोबर होता. पण तेच १४.१ किलोमीटर काकूंनी चालायचे म्हटले तर १७७ मिनिटं लागतात. उलट काकूंचे ११.९ किलोमीटर जावयांनी चालले, तर त्यांची १२७ मिनिटांतच सुटका होईल आणि त्यांची २३ मिनिटं कमी पडतील. एकाच अंतराने एकाला जास्तीचा भार आणि दुसऱ्याला खोटं समाधान. हिशोब दाखवल्यावर जावई काकूंना म्हणाले, "आई, चिठ्ठी माझी होती, तुमच्या नावावर गेली." काकू म्हणाल्या, "मग माझे तीन आठवड्यांचे मार्क परत द्या."

हिशोब फसतो तो कुठे

पहिली जागा म्हणजे मधले थांबे. पुढे पावसाळ्यात मैदान चिखलाचं झालं आणि काकू रस्त्याने चालायला लागल्या. एक दिवस त्यांनी आम्हाला फोन दाखवला. एकूण वेळ ४२ मिनिटं, अंतर २.६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी ३.७. त्यांना वाटलं, वेग कमी झाला. आम्ही विचारलं, मध्ये कुठे थांबला होतात? तर दूध घेतलं, सिग्नलला थांबल्या, एका ओळखीच्या बाईंशी बोलणं झालं. सगळे मिळून ९ मिनिटं. मग चालण्याची मिनिटं राहिली ३३. २,६०० भागिले ३३ केलं तर मिनिटाला ७९ मीटर. वेग होता तिथेच होता.

इथे दोन उलटसुलट चुका होतात. कुणी ४२ च्या ४२ मिनिटं जमा धरतं, ती चूक, कारण दुधाच्या रांगेत उभं राहणं हे चालणं नव्हे. आणि कुणी ताशी ३.७ ला अडीचने गुणून आठवड्याचं लक्ष्य सव्वानऊ किलोमीटर काढतं. काकूंनी ते धरलं असतं, तर ११६ मिनिटांतच त्यांचे किलोमीटर भरले असते आणि ३४ मिनिटं गायब झाली असती. म्हणून वेग काढताना थांबे वजा करायचे. थांबा झाला म्हणून चालणं वाया मात्र जात नाही. पूर्वीच्या सूचनांमध्ये सलग निदान १० मिनिटं चाललं तरच मोजायचं अशी अट होती. २०२० च्या सूचनांमध्ये ती काढून टाकली आहे. तुकड्यातुकड्याने केलेली भरभर चाल बेरजेत धरता येते.

फोनच्या अंतराबद्दलही एक शब्द. उंच इमारतींमध्ये आणि दाट झाडीखाली फोनला आपली जागा नीट सापडत नाही, मग तो सरळ रस्त्यालाही नागमोडी रेघ काढतो आणि अंतर वाढवून सांगतो. लहान गोल फेऱ्यांमध्ये कधी कोपरे कापून कमीही सांगतो. त्यामुळे फोनला एकदा आपल्या मोजलेल्या १,२०० मीटरवर चालवून बघा. तो १,२९० म्हणाला, तर त्या ठिकाणी तो शंभरामागे साडेसात मीटर वाढवून सांगतोय असं समजायचं, आणि पुढचे आकडे तसे वाचायचे.

दुसरी जागा चढउताराची. इथे शिकलेली माणसंही चुकतात. समजा टेकडीचा रस्ता १,२०० मीटर आहे. चढताना मिनिटाला ६० मीटर, उतरताना १००. सरासरी किती? पटकन तोंडात येतं ८०. पण चढायला लागली २० मिनिटं आणि उतरायला १२. एकूण २,४०० मीटर, ३२ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ७५. हळू चालण्यात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी हळूकडे झुकते. वेगांची सरासरी कधी काढायची नाही, एकूण अंतराला एकूण वेळेने भागायचं.

पण खरी अडचण त्याच्याही पुढची आहे. चढताना ६० मीटरला आपण धापा टाकत असतो आणि उतरताना १०० मीटरला निवांत गाणं म्हणू शकतो. म्हणजे हळू होतो तेव्हा श्रम जास्त, आणि भरभर होतो तेव्हा कमी. टेकडीवर अंतराला श्रमाचा अर्थच राहत नाही. म्हणून आमचं सांगणं असं, की किलोमीटरचं हे भाषांतर सपाट रस्त्यापुरतं ठेवा. टेकडीच्या दिवशी सरळ मिनिटं मोजा, आणि त्यातही बोलण्याच्या कसोटीला उतरतील तेवढीच.

तिसरी जागा मैदानातच आहे. दिवाळीनंतर मुलांचा धावण्याचा सराव सुरू झाला आणि आमचा गट आतली लेन सोडून सहाव्या लेनमधून चालायला लागला. काकूंच्या लक्षात आलं, की फेरीला आता साडेपाच मिनिटं लागतात, आणि सहा फेऱ्यांना ३३. परत तीच शंका, आपण मंदावलो का? तर नाही. ४०० मीटर हे फक्त सगळ्यात आतल्या लेनचं माप. प्रत्येक बाहेरची लेन साधारण साडेसात मीटरने लांब असते, कारण वळणाचं वर्तुळ मोठं होतं. सहाव्या लेनची फेरी जवळजवळ ४३८ मीटरची. सहा फेऱ्यांत सव्वादोनशे मीटर जास्त. फेरीची वेळ अचानक अर्ध्या मिनिटाने बदलली, आणि दम मात्र तसाच आहे, तर आधी रस्त्यावर संशय घ्यायचा, पायांवर नंतर.

वेग बदलला की भाषांतर जुनं होतं

आता शेवटचा मुद्दा, आणि तो थोडा उलटा वाटेल. तीन-चार महिन्यांनी आम्ही आतल्या लेनमध्ये परत वेळ लावली. त्याच दमात, बोलत बोलत, काकूंना १,२०० मीटरला १४ मिनिटं ७ सेकंद लागले. मिनिटाला ८५ मीटर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्यांच्या ६ फेऱ्या आता २८ मिनिटं आणि काही सेकंदांत संपायला लागल्या होत्या. पाच दिवसांचे झाले १४१. म्हणजे वेग वाढल्यामुळे त्यांची ९ मिनिटं कमी भरत होती.

अंतराचं लक्ष्य घट्ट धरलं तर तब्येत सुधारणाऱ्या माणसाची मिनिटं आपोआप घटत जातात. आणि उलट, आजारपणातून उठलेल्या माणसाचा वेग कमी झालेला असतो. त्याने जुनेच किलोमीटर धरले तर त्याच्यावर नको तेवढा भार पडतो. पहिल्यात आळस नाही आणि दुसऱ्यात जिद्द नाही. दोन्हीकडे फक्त जुना आकडा वापरला गेलाय. म्हणून दोन-तीन महिन्यांनी, आणि आजारपणानंतर नक्की, तीन फेऱ्यांची वेळ पुन्हा लावायची. काकूंचा नवा आकडा झाला ८५ गुणिले १५०, म्हणजे पावणेतेरा किलोमीटर. रोजच्या ६ फेऱ्या आणि वर दीडशे मीटर. ते दीडशे मीटर त्या आता मैदानाच्या फाटकापर्यंत चालून भरतात.

श्रोत्यांचे प्रश्न

एका श्रोत्याने लिहिलंय : "मला पाच दिवस जमत नाहीत, तीनच दिवस ५०-५० मिनिटं चाललो तर?" चालेल, बेरीज १५० च होते. काकूंच्या पहिल्या वेगाने ५० मिनिटांचे जवळजवळ १० फेऱ्या होतील. फक्त वेळ लांबली की शेवटच्या फेऱ्या मंदावतात. तेव्हा पहिल्यांदा शेवटच्या दोन फेऱ्यांचीही वेळ लावून बघा. त्या पाच-दहा सेकंदांनी वाढल्या तर हरकत नाही. अर्ध्या मिनिटाने वाढल्या, तर ५० मिनिटांसाठी तुमचा वेग वेगळा आहे, आणि गुणाकारात तो वापरायचा.

अमेरिकेतून विचारलंय : "ट्रेडमिलवर ताशी मैल दिसतात, मग किलोमीटर करून घ्यायचे का?" गरज नाही. अडीचकीला एकक कळत नाही. ताशी मैलांना अडीचने गुणलं की आठवड्याचे मैल आले. ताशी ३ मैल असेल तर साडेसात मैल. मात्र पट्टा सपाट ठेवा आणि हात दांड्यावर टेकवून चालू नका. दांड्याला धरलं की पट्टा पळतो त्या वेगाचे श्रम अंगाला होत नाहीत, आणि पडद्यावरचा आकडा आपला राहत नाही.

तिसरा प्रश्न : "चालताना छातीत दाटल्यासारखं झालं, तरी फेऱ्या पूर्ण कराव्यात का?" नाही. तिथेच थांबायचं, आणि डॉक्टरांना दाखवायचं. हा हिशोब धडधाकट दिवसासाठी आहे.

काकूंच्या घरी फ्रिजवर आता नवी चिठ्ठी लावलेली आहे, आणि ती त्यांच्या स्वतःच्या अक्षरात आहे. वरच्या ओळीत "१५० मिनिटं". त्याखाली "८५ मीटर", आणि पुढे वेळ लावलेली तारीख. तारीख जुनी झाली की त्या आम्हाला स्टॉपवॉच घेऊन यायला सांगतात. इथेच थांबतो.